पडदा कुठल्या आकड्यावर अडकला, ते आधी बघा

नवा मॉनिटर आणला, जोडला, पण तो स्वतःच्या मूळ रिझोल्यूशनवर यायला तयार नाही, ही तक्रार अक्कलकोटात माझ्याकडे मुख्यतः दोन प्रकारच्या ठिकाणांहून येते. एक म्हणजे फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांची कामं करणारी दुकानं. दुसरी म्हणजे यात्रेकरूंच्या उतरायच्या जागा, जिथे ऑफिसातल्या सीपीयूवरून लांब केबल टाकून ओसरीत किंवा जेवणाच्या हॉलमध्ये टीव्ही चालवलेला असतो. गुरुपौर्णिमा किंवा दत्तजयंती जवळ आली की दोन्हीकडची घाई एकदम सुरू होते. सुटा भाग लागला तर चाळीसेक किलोमीटरवरचं सोलापूर गाठावं लागतं, म्हणून नेमकं काय आणायचं हे निघण्याआधीच ठरलेलं बरं. त्या दृष्टीने जे उपयोगी पडत आलं आहे, ते इथे लिहितो.

१. अडकलेला आकडाच दोष सांगतो

मॉनिटर मूळ रिझोल्यूशनवर येत नाही तेव्हा बिघाड बहुतेक वेळा दोनपैकी एका ठिकाणी असतो. एक तर मॉनिटरची ओळख सीपीयूपर्यंत पोचत नाही, किंवा ओळख पोचते, पण तेवढं मोठं चित्र वाहून नेण्याची ताकद मधल्या रस्त्यात नसते. ही ओळख म्हणजे ईडीआयडी. मॉनिटरच्या आत एका छोट्या चिपमध्ये निदान १२८ बाइटांची माहिती लिहिलेली असते: बनवणारा कोण, पडदा केवढा, कोणकोणती रिझोल्यूशन चालतात आणि त्यातलं आवडतं कुठलं. सीपीयू सुरू होताना ग्राफिक्स ही माहिती वाचतं आणि तिच्यावरूनच रिझोल्यूशनची यादी तयार करतं.

ओळख पोचलीच नाही तर ग्राफिक्सला अंदाजाने चालावं लागतं, आणि ते सगळ्यांना झेपेल असं काहीतरी निवडतं. म्हणून पडदा १०२४ × ७६८, ८०० × ६०० किंवा ६४० × ४८० वर अडकला असेल, तर मी आधी ईडीआयडीकडे बघतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या नावाच्या जागी `Generic Non-PnP Monitor` दिसलं की संशय पक्का होतो.

२५६० × १४४० चा मॉनिटर १९२० × १०८० किंवा १९२० × १२०० वर थांबला असेल तर गोष्ट वेगळी. हे आकडे अंदाजाचे नाहीत. कोणीतरी मोजून मर्यादा घातली आहे, आणि ती बहुतेक वेळा अडॅप्टरची असते. तिसरी परिस्थिती अशी की मूळ रिझोल्यूशन यादीत आहे, निवडताही येतं, पण निवडल्यावर पडदा मधेच काळा होतो किंवा चित्रावर पांढरे ठिपके चमकतात. तिथे ओळख पोचलेली आहे, मर्यादाही कोणी घातलेली नाही, फक्त केबल दमते आहे.

२. दीडशे-दोनशे रुपयांचा अडॅप्टर आणि १६५ मेगाहर्ट्झ

फ्लेक्सचं काम करणाऱ्या एका दुकानात मालकांनी २७ इंची, २५६० × १४४० चा मॉनिटर घेतला. सीपीयू ऑफिसातून निघालेला जुना, तिसऱ्या पिढीच्या कोअर आय ५ चा, म्हणजे २०१२ च्या आसपासचा. त्याला मागे डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए एवढंच होतं. मॉनिटरच्या खोक्यात एचडीएमआय केबल निघाली, म्हणून डिस्प्लेपोर्टला लावायचा एक छोटा अडॅप्टर आणून त्यांनी जोडणी केली. पडदा लागला, पण १९२० × १०८० च्या वर जाईना.

"बघा की, रफार दिसतोय का अनुस्वार, काही कळंना," दुकानाचे मालक अण्णा म्हणाले. त्यांचं गाऱ्हाणं रास्त होतं. २५६० ला १९२० ने भागलं तर १.३३ येतात. म्हणजे पाठवलेला प्रत्येक पिक्सेल पडद्यावरच्या सव्वा-दीड पिक्सेलांवर पसरतो आणि त्याच्या कडा शेजारच्यांत मिसळतात. इंग्रजी अक्षरं यातून एकवेळ निभावतात. पण त्यांच्याकडे पत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही होतात. रफार, उकार, कन्नडमध्ये अक्षराच्या खाली लागणारी जोडाक्षरं हे सगळं बारीक रेघांचं काम, आणि प्रूफ वाचणाऱ्याला तेच नीट दिसायला हवं.

आता गणित. मॉनिटरला चित्र पाठवताना दिसणाऱ्या पिक्सेलांच्या जोडीला थोडी मोकळी जागाही पाठवावी लागते. २५६० × १४४० साठी रूढ मांडणीत एक ओळ २७२० पिक्सेलांची आणि एक पूर्ण चित्र १४८१ ओळींचं होतं. सेकंदाला ६० चित्रं धरली तर:

```
2720 x 1481 x 60 = 241,699,200
```

म्हणजे सुमारे २४१.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक लागतो. याच रीतीने १९२० × १०८० साठी २२०० × ११२५ × ६०, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ पुरतात. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय देणारे साधे अडॅप्टर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, दुसरीची ३००. अण्णांचा अडॅप्टर पहिल्या जातीचा होता. १४८.५ तिथून जातात, २४१.५ जात नाहीत. पडदा १०८० वर का थांबला याचं उत्तर एवढंच.

मग थोडा महाग, दुसऱ्या जातीचा अडॅप्टर आणला असता तर? इथेच माणसं दुसऱ्यांदा पैसे घालवतात. इंटेलच्या तिसऱ्या पिढीतलं ग्राफिक्स एचडीएमआय पद्धतीचा सिग्नल २२५ मेगाहर्ट्झपर्यंतच काढू शकतं. साधा अडॅप्टर सिग्नलचं रूपांतर करत नाही. सीपीयू स्वतःच त्या पोर्टवर एचडीएमआयचा सिग्नल सोडतो आणि अडॅप्टर फक्त विद्युतदाब जुळवतो. त्यामुळे अडॅप्टर ३०० चा असला तरी मागून २२५ च्या वर काही येणारच नव्हतं.

ताजेपणा कमी करून चालेल का, हेही मी मोजून पाहिलं. सेकंदाला ४० चित्रं पाठवली तर १६१ मेगाहर्ट्झ होतात आणि ते १६५ मध्ये बसतात. पण त्या मॉनिटरच्या ईडीआयडीत खालची मर्यादा ४८ लिहिलेली होती, आणि ४८ ला १९३ मेगाहर्ट्झ लागतात. साध्या अडॅप्टरच्या बाजूने पूर्ण ६० हर्ट्झची वाट नव्हतीच.

वाट होती ती त्याच पोर्टमध्ये. डिस्प्लेपोर्टचा स्वतःचा सिग्नल एचडीएमआयहून वेगळा असतो आणि त्याला ही २२५ ची मर्यादा लागू होत नाही. त्या काळच्या डिस्प्लेपोर्टच्या चार मार्गिकांतून ८.६४ गिगाबिट उपयोगी माहिती जाते. आपल्याला हवे होते २४१.५ × २४, म्हणजे सुमारे ५.८ गिगाबिट. मॉनिटरच्या मागे डिस्प्लेपोर्टची खाचही होती. दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेली दोन मीटरची केबल आणली, अडॅप्टर काढला आणि पडदा २५६० × १४४० वर, ६० हर्ट्झने सुरू झाला. तेव्हापासून मॉनिटर विकत घ्यायच्या आधीच मी सीपीयूच्या आणि मॉनिटरच्या मागच्या खाचांचे फोटो मागवून घेतो. दोन्हीकडे सारखी खाच असेल तर मधे अडॅप्टर आणायचाच नाही.

३. ईडीआयडी आपल्या डोळ्यांनी वाचा

वरचं निदान अंदाजाने केलेलं नव्हतं. माझ्याकडे लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह कायम असतो. त्यावरून सीपीयू सुरू केला की विंडोजच्या जुन्या ड्रायव्हरची भानगड बाजूला पडते आणि केबलमधून खरंच काय आलं ते उघडं दिसतं. टर्मिनलमध्ये दोन ओळी टाकायच्या:

```
grep . /sys/class/drm/*/status
hexdump -C /sys/class/drm/card0-HDMI-A-2/edid | head -4
```

पहिल्या ओळीने कुठल्या पोर्टला काय जोडलं आहे ते दिसतं. दुसरीत त्या पोर्टचं नाव घालायचं. काही यंत्रांत `card0` ऐवजी `card1` असतं.

अण्णांच्या दुकानात पहिल्या ओळीनेच एक गोष्ट सांगून टाकली. केबल डिस्प्लेपोर्टमध्ये होती, पण जोडलेलं नाव आलं `HDMI-A-2`. इंटेलच्या ग्राफिक्सवर याचा अर्थ असा की अडॅप्टर साधा आहे, रूपांतर करणारा नाही. रूपांतर करणारा अडॅप्टर असता तर नाव `DP` ने सुरू झालं असतं.

दुसऱ्या आज्ञेने आलेले बाइट चांगले आहेत की नाहीत, हे सुरुवातीवरूनच कळतं. ईडीआयडी नेहमी `00 FF FF FF FF FF FF 00` ने सुरू होतो. काहीच छापलं नाही तर ओळख पोचलीच नाही. सुरुवातच वाकडीतिकडी असेल तर वाटेत बिघडली. १२८ बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी असा शेवटचा बाइट ठेवलेला असतो. ती जमली नाही की ड्रायव्हर तक्रार नोंदवतो, आणि ती `dmesg | grep -i edid` ने वाचता येते.

चौथ्या ओळीतल्या सातव्या बाइटापासून आवडतं रिझोल्यूशन सुरू होतं. अण्णांच्या मॉनिटरवर तिथे हे होतं:

```
56 5E 00 A0 A0 A0 29 50
```

पहिले दोन बाइट उलटे वाचायचे: `5E56`, म्हणजे दशमानात २४१५०. एकक १० किलोहर्ट्झचं, म्हणून २४१.५ मेगाहर्ट्झ. आपण हाताने काढलेला आकडाच इथे लिहिलेला सापडतो. पुढच्या तीन बाइटांत आडवे पिक्सेल आहेत. खालचा भाग `00`, आणि तिसऱ्या बाइटातलं पहिलं अक्षर `A` वरचा भाग, म्हणून `A00`, म्हणजे २५६०. त्यापुढच्या तीन बाइटांत तसंच `5A0`, म्हणजे १४४०. ओळख सहीसलामत पोचली होती, मॉनिटरने आपलं खरं माप सांगितलं होतं. अडथळा रस्त्यातच होता हे इथे सिद्ध झालं आणि मग सोलापुरातून काय आणायचं हा प्रश्न उरला नाही.

याच जागी `02 3A 80 18 71 38 2D 40` दिसलं तर तो १४८.५ मेगाहर्ट्झचा १९२० × १०८० असतो. १४४० किंवा ४के च्या पडद्यावर हे दिसलं की मधे कोणीतरी स्वतःचीच ओळख पुढे करतंय असं समजावं. स्प्लिटर आणि एचडीएमआयवरून व्हीजीए करणारे काही डबे असं करतात. मात्र त्यांच्यावर ठपका ठेवण्याआधी मॉनिटरचा किंवा टीव्हीचा मेनू बघावा. काही पडद्यांत प्रत्येक एचडीएमआय खाचेसाठी वेगळी सेटिंग असते, आणि ती जुन्या आवृत्तीवर ठेवली तर पडदा स्वतःच लहान ओळख देतो.

४. लांब केबल: आधी आवाज गेला का ते विचारा

यात्रेकरूंच्या एका निवासात ऑफिसापासून जेवणाच्या हॉलपर्यंत २० मीटरची तांब्याची एचडीएमआय केबल भिंतीतल्या पाइपातून नेलेली होती. टीव्ही १९२० × १०८० चा. चित्र १०२४ × ७६८ वर अडकलेलं, माणसं आडवी फुगलेली, आणि आवाज नाही. व्यवस्थापकांना वाटलं टीव्हीच खराब निघाला.

आवाज नसणं ही इथे फार उपयोगी खूण आहे. समोर एचडीएमआयचा पडदा आहे आणि त्याला आवाज चालतो, हेही ग्राफिक्सला ईडीआयडीतूनच कळतं. ती माहिती नसेल तर ग्राफिक्स समोर जुन्या डीव्हीआय पद्धतीचा मॉनिटर आहे असं धरून फक्त चित्र सोडतं. म्हणून कमी रिझोल्यूशन आणि गायब आवाज एकत्र आले की मी टीव्हीला हात लावत नाही.

सीपीयू उचलून हॉलमध्ये नेला आणि दीड मीटरच्या केबलने टीव्हीला जोडला. चित्र पूर्ण आलं, आवाजही आला. दोष केबलचा होता हे सगळ्यांच्या समोर दिसलं. सीपीयू उचलायचा कंटाळा करू नये, कारण या एका तपासणीने निम्मे वाद मिटतात.

ओळख वाहून नेणारी तार चित्राच्या तारांच्या मानाने अगदी मंद असते, सुमारे १०० किलोहर्ट्झची. मग लांब केबलमध्ये तीच आधी का मरते? एचडीएमआयच्या १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून ही देवाणघेवाण होते. त्या तारा एका रोधामार्फत वर खेचलेल्या असतात. केबल जितकी लांब, तितकी तिची विद्युतधारिता जास्त, आणि सिग्नल वर चढायला तितकाच उशीर. नियमाप्रमाणे केबलची धारिता ७०० पिकोफॅरडच्या आत हवी. बारीक तारांची स्वस्त लांब केबल ती सहज ओलांडते. दुसरं कारण १८ नंबरच्या पिनवरचे ५ व्होल्ट. सीपीयूकडून येणाऱ्या याच दाबावर टीव्हीतली ओळखीची चिप वाचता येते, म्हणूनच टीव्ही बंद असतानाही ईडीआयडी मिळतो. टीव्हीच्या टोकाला निदान ४.७ व्होल्ट पोचायला हवेत. बारीक तारेत ते वाटेतच पडतात.

आता पुढचा प्रश्न: ओळख जात नसेल तर नसू दे, चित्र तरी या केबलमधून जातं का? हे बघण्यासाठी लांब केबल परत लावली आणि लिनक्समधून रिझोल्यूशन हाताने लादलं. पोर्टचं नाव आधी नुसतं `xrandr` टाकून बघून घ्यायचं.

```
xrandr --newmode "1080p" 148.50 1920 2008 2052 2200 1080 1084 1089 1125 +hsync +vsync
xrandr --addmode HDMI-1 "1080p"
xrandr --output HDMI-1 --mode "1080p"
```

चित्र पूर्ण मापाचं आलं, पण काळ्या भागांवर पांढरे ठिपके लुकलुकत होते आणि मधूनमधून पडदा क्षणभर काळा होत होता. म्हणजे त्या केबलमध्ये दोन दोष होते आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं. चित्र स्वच्छ आलं असतं तर सीपीयूच्या टोकाला ईडीआयडी इम्युलेटर नावाचा छोटा डबा लावून काम भागलं असतं. तो टीव्हीची ओळख जवळ साठवून ठेवतो आणि सीपीयूला तिथूनच देतो. पण ठिपके दिसल्यावर तो खर्च फुकट होता. ओळख कितीही नीट पोचवली तरी तांब्याने १४८.५ मेगाहर्ट्झ नीट वाहिले नसते.

विंडोजमध्ये लोक कस्टम रिझोल्यूशनची साधनं वापरून हेच करतात आणि दोन दिवसांनी "परत बिघडलं" म्हणून फोन येतो. लादलेलं रिझोल्यूशन फक्त हरवलेल्या ओळखीची जागा भरतं, रस्ता रुंद करत नाही. विंडोजमध्ये आणखी एक गोष्ट बघावी. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष सिग्नलचं रिझोल्यूशन असे दोन वेगळे आकडे असतात. डेस्कटॉप मोठा दिसतो आणि सिग्नल लहानच जात असतो, असं होऊ शकतं. खरा आकडा `Active signal` च्या समोरचा.

५. व्हीजीए अजून आहे

सरकारी कामांचे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत व्हीजीएचे मॉनिटर अजून भरपूर चालतात. तिथे १०२४ × ७६८ ची तक्रार आली की केबल काढून पिना मोजायच्या. व्हीजीएमध्ये ओळख १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. काही स्वस्त वाढीव केबलींत या दोन तारा जोडलेल्याच नसतात, आणि जुन्या केबलींत या पिना वाकून आत गेलेल्या असतात. ९ नंबरची पिन नसणं मात्र बऱ्याच केबलींत नेहमीचं आहे, त्यावरून केबल फेकू नये.

६. तांब्याऐवजी फायबर टाकताना

निवासातल्या त्या हॉलसाठी शेवटी फायबरची एचडीएमआय केबल टाकली. तिच्यात चित्र प्रकाशावरून जातं, त्यामुळे २० मीटर काहीच नाही. पुढेमागे ४के टीव्ही आला आणि त्याला ६० हर्ट्झचे ५९४ मेगाहर्ट्झ लागले, तरी केबल बदलावी लागू नये एवढी ताकद त्या केबलच्या खोक्यावर लिहिलेली होती. साध्या तांब्याच्या केबलकडून एवढी अपेक्षा पाचेक मीटरच्या पुढे करू नये.

पण ही केबल दोन्ही बाजूंनी सारखी नसते. एका टोकावर `Source` आणि दुसऱ्यावर `Display` छापलेलं असतं. पहिलं सीपीयूकडे, दुसरं टीव्हीकडे. उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि माणूस पुन्हा टीव्हीला दोष देतो. तिच्या टोकांतल्या चिपा त्याच १८ नंबरच्या ५ व्होल्टांवर चालतात, त्यामुळे सीपीयूचा पोर्ट अशक्त असेल तर ही केबलही अडते. अशा वेळी बाहेरून यूएसबीने वीज देता येईल अशी केबल घ्यावी. काटकोनातल्या वळणावर ओढून ताणली तर आतली काच तुटते, म्हणून वायरमनला पाइपाचे कोन गोल करून घ्यायला सांगितलं. आणि पाइपात घालण्याआधी केबल जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, पडद्यावर `Active signal` चा आकडा बघून घेतला, टोकांवर चिकटपट्टी लावून "ऑफिस" आणि "हॉल" असं लिहिलं, आणि मगच ती ओढायला दिली.